दुसरा थर्मास: साठ सेकंदांच्या एका कथा-जाहिरातीचं प्रकरण

कणकवलीचे एक भांड्यांचे घाऊक व्यापारी आपल्या नावाने स्टीलचे थर्मास विकायला काढणार होते. अर्धा लिटर आणि एक लिटर, असे दोन आकार. डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं आणि एका ओळीत काम सांगितलं: देवगड बंदरावर रात्री चहा विकणारा माणूस, त्याच्याकडे आपला थर्मास, आणि त्यातला चहा कधीच थंड होत नाही. साठ सेकंदांची गोष्ट हवी होती. ती फक्त ऐकायची होती, कारण ती मोबाईलवर फिरणार होती आणि दुकानांत स्पीकरवर वाजणार होती. चित्र नाही, म्हणजे वाफ दाखवायची सोय नाही. सगळं शब्दांवर आणि आवाजांवर.

साठ सेकंदांत मराठी किती बसते, हे आधी सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरून झाले. घाई न करता, ऐकणाऱ्याला श्वास घेऊ देत वाचलं, तर साधारण सव्वाशे शब्द. त्यातून व्यापाऱ्याचं नाव, दुकानाचा पत्ता आणि आवाजांसाठी सोडलेली जागा वजा केली की गोष्टीला शंभरच्या आसपास शब्द उरतात. शंभर शब्दांत दोन माणसं आणि एक वस्तू मावते. तिसरा माणूस आणला की गर्दी होते.

माझा पहिला मसुदा घरी बसून लिहिलेला होता. म्हातारा चहावाला, वादळ, एक होडी तीन दिवस बेपत्ता, तिसऱ्या रात्री ती परत येते आणि म्हातारा थर्मास उघडतो, तर चहा अजून गरम. व्यापाऱ्यांना तो फार आवडला. वाचताना त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही तेव्हा तो बरा वाटला होता. आज वाचताना त्यात तीन दोष दिसतात. वादळ इतकं मोठं आहे की थर्मास दिसतच नाही, ऐकणारा होडीची काळजी करत राहतो. चहावाला कुठल्याही बंदरावरचा आहे, देवगडचा नाही. आणि तीन दिवस चहा गरम राहत नाही. हा शेवटचा दोष बाकी सगळ्यांच्या मुळाशी होता.

‘कधीच’ या शब्दाचं काय करायचं

जाहिरातीत अतिशयोक्ती चालते. भारतीय जाहिरात मानक परिषद 1985 पासून काम करते, आणि तिच्या संहितेतही उघड अतिशयोक्तीला जागा आहे. अट एवढीच, की ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती असल्याचं कळलं पाहिजे आणि ती शब्दशः खरी मानली जाता कामा नये. चहाच्या वाफेवर स्वार होऊन माणूस चंद्रावर गेला, तर कुणी दुकानदाराला पकडत नाही. ‘चहा कधीच थंड होत नाही’ ही ओळ मात्र मधल्या जागेत पडते. थर्मासचं कामच ते आहे. चंद्रावर जाणं हे थर्मासचं काम नाही. ज्या गुणासाठी लोक वस्तू विकत घेतात, त्याच गुणाबद्दल फुगवून बोललं की ती गंमत राहत नाही, ते वचन होतं.

व्यापाऱ्यांना मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 दाखवला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच घडलं तर पन्नास लाखांपर्यंत. त्यांनी लगेच नेहमीचा उपाय सुचवला: “मग शेवटी बारीक आवाजात म्हणा, अटी लागू.” तो मार्गही बंद होता. 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाने मूळ दाव्याला फिरवता येत नाही, आणि दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा द्यावा लागतो. ‘कधीच’ असं मोठ्याने म्हणून ‘सहा तास’ असं हळूच म्हणणं म्हणजे आधीचं वाक्य मागे घेणं.

ते म्हणाले, “मग खरं किती वेळ राहतो ते तरी सांगा.” खोक्यावर ‘24 तास गरम’ असं छापून आलं होतं. कुठल्या तापमानाला गरम म्हणायचं, हे खोक्यावर नव्हतं. म्हणून मी लांब दांडीचा स्वयंपाकघरातला डिजिटल तापमापक विकत घेतला आणि जानेवारीत दोन रात्री देवगड बंदरावर काढल्या.

बंदरावर

कोकणात दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जानेवारीत मध्यरात्रीनंतर मतलई चांगली झोंबते. धक्क्यावर उभं राहिलं की पाठ गार पडते. चहाचं गिऱ्हाईक मोजकं असतं: बर्फ भरणारे, मासळीचे ट्रक घेऊन आलेले ड्रायव्हर-क्लीनर, राखणीला बसलेले एकदोघे, आणि पहाटे परतणाऱ्या होड्यांवरचे खलाशी. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत हा धंदाही बंद.

ज्या काकांबरोबर मी बसलो, ते सायकलवर येतात. मागच्या कॅरिअरला तीन लिटरचा जुना स्टीलचा थर्मास, हँडलला काचेच्या ग्लासांची जाळी, पुढच्या पिशवीत बटर आणि खारी. चहा घरून करून आणतात. आलं ठेचून पाण्यातच चांगलं उकळून घेतात आणि दूध नंतर घालतात, कारण कच्च्या आल्याने दूध फाटतं. चहा गाळूनच भरतात. पत्ती आत राहिली की ती रात्रभर उतरत राहते आणि तीनच्या सुमाराला चहा कडू लागतो. थर्मासमधला चहा बिघडण्याचं हे एक कारण थंडीशी संबंधितच नाही, आणि घरी थर्मास वापरणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसतं.

मी दर तासाला तापमान घेत होतो. रात्री अकरा वाजता मोठ्या थर्मासमध्ये 90 अंश. दोन वाजता 79. सव्वाचारला तळाला अर्धा लिटर उरला होता तेव्हा 64. ग्लासात ओतल्यावर आणखी पाच-सहा अंश जातात, कारण ग्लास स्वतः गार असतो. काकांनी माझा तापमापक पाहिला नाही. त्यांनी ग्लासाचा तळ तळहातावर टेकवला, हात तिथेच राहिला, चटका बसला नाही, आणि ते म्हणाले, “आता ही बस.” उरलेला चहा त्यांनी धक्क्याच्या कडेला ओतून टाकला.

“थंड चाय इकूची नाय,” ते म्हणाले. “एकदा इकली काय गिराईक परत येना नाय.”

व्यापाऱ्याची ओळ इथेच मोडली होती. सव्वापाच तासांत 26 अंश. थर्मास जुना होता खरा, पण दोष जुनेपणाचा नव्हता. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढलेली असते. ही युक्ती जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये प्रयोगशाळेत अतिथंड द्रव ठेवण्यासाठी शोधली, चहासाठी ती नंतर वापरात आली. पोकळीतून उष्णता वहनाने जात नाही, हवेच्या हालचालीने जात नाही, आणि आतल्या चकचकीत पृष्ठभागामुळे प्रारणानेही फार थोडी जाते. उरते ती वाट तोंडाची. मानेपाशी दोन्ही भिंती जोडलेल्या असतात आणि वर बूच असतं. चांगल्या थर्मासची बहुतेक उष्णता तिथूनच जाते. त्यात काका रात्रीत वीस-बावीस वेळा बूच काढतात. दर वेळी वाफ बाहेर जाते, गार हवा आत येते, आणि चहा कमी कमी होत जातो. चहा कमी झाला तरी तोंड तेवढंच असतं. तेवढीच उष्णता आता थोड्या चहातून जाते, म्हणून शेवटचा चहा सगळ्यात भरभर निवतो.

एवढं कळल्यावर माझ्या जवळ जाहिरात नव्हती, फक्त एक नकार होता. दुसऱ्या रात्री काकांच्या पुढच्या पिशवीत, बटरच्या पुड्यांखाली, मला आणखी एक थर्मास दिसला. लहान, अर्ध्या लिटरचा, फडक्यात गुंडाळलेला. आदल्या रात्रीही तो होता, माझं लक्ष गेलं नव्हतं.

“ह्यो कसलो?” मी विचारलं.

“मोठो धंद्याचो. ह्यो बारको शेवटच्या होडयेचो.”

पाच-साडेपाचला जी होडी सगळ्यात उशिरा लागते, तिच्यावरच्या लोकांना चहा मिळावा म्हणून ते हा वेगळा भरतात आणि तोवर उघडत नाहीत. एका रात्री तो सगळ्यांना वाटून टाकला, शेवटची होडी आली, आणि तिच्यावरची पोरं ग्लास बघून परत गेली. तेव्हापासून ही रीत. त्या पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी लहान थर्मासचं बूच फिरवलं. मी तापमापक आत घातला: 73 अंश. रात्री अकराला तो 91 होता.

लहान थर्मास खरं तर मोठ्यापेक्षा लवकर निवायला हवा, कारण त्यात चहा कमी आणि त्या मानाने तोंड मोठं. तरीही पहाटे तोच गरम होता, कारण तो भरलेला होता आणि मिटलेला होता. गोष्ट मला तिथे मिळाली. व्यापाऱ्यांना हवा असलेला ‘थंड न होणारा चहा’ खराच होता, पण तो थर्मास आणि माणूस मिळून तयार होत होता. थर्मास त्याचं काम करत होता, कारण काका त्याला करू देत होते.

अट गोष्टीत घालायची

घरी येऊन मी व्यापाऱ्यांच्याच अर्ध्या लिटरच्या थर्मासवर तीन रात्री तोच प्रयोग केला. सुरुवातीचं तापमान तेच, वेळ तीच, खिडकी उघडी. पहिल्या रात्री आधी कढत पाणी घालून पाच मिनिटं ठेवलं, ओतलं, मग काठोकाठ चहा. सहा तासांनी 74. दुसऱ्या रात्री कढत पाण्याशिवाय, बाकी तसंच: 72. तिसऱ्या रात्री कढत पाणी घातलं, पण चहा अर्धाच भरला: 60.

हे आकडे पाहून मला आश्चर्य वाटलं. घरोघरी सांगतात की थर्मास आधी गरम पाण्याने ‘तापवून’ घ्यावा, आणि ते खरंच आहे, पण पातळ स्टीलच्या थर्मासमध्ये त्याचा फायदा दोन-तीन अंशांचाच. जुन्या काचेच्या थर्मासमध्ये तो जास्त जाणवायचा, कारण काच जाड असायची आणि चहाची उष्णता आधी ती शोषून घ्यायची. काठोकाठ भरण्याचा फायदा मात्र चौदा अंशांचा निघाला. गरम आणि कोमट यांतला सगळा फरक तेवढाच. जाहिरातीत एकच गोष्ट ठासून सांगायची वेळ आली असती, तर ती ‘काठोकाठ’ ही असती.

आता लिहिण्याचा प्रश्न. अटी तीन होत्या: काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, मधे उघडू नका. नेहमीच्या पद्धतीत त्या शेवटी बारीक आवाजात येतात आणि कुणी ऐकत नाही. मी ठरवलं, की अटी म्हणजेच गोष्टीतली कृती असेल. माणूस थर्मास भरतो, तीच पहिली अट. लोक मागतात आणि तो लहान थर्मास उघडत नाही, तीच तिसरी अट, आणि गोष्टीतला ताणही तोच. ऐकणाऱ्याला वाटतं, हा का उघडत नाही? उत्तर होडीबरोबर येतं. वेगळा खुलासा लागतच नाही, कारण दाव्यापेक्षा जास्त काही म्हटलेलंच नाही.

वादळ काढून टाकलं. होडी बेपत्ता नाही, फक्त उशिरा आहे. बंदरावरच्या माणसाला एवढी काळजी रोजची असते आणि शंभर शब्दांत एवढीच पेलते. म्हाताऱ्याला नाव दिलं नाही, त्याला बोलावणारे ‘आबा’ म्हणतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं मालवणीत ठेवलं. व्यापाऱ्यांना भीती होती की रत्नागिरी-चिपळूणकडे मालवणी कळणार नाही. कळते. दोन-चार शब्दांची वाक्यं असली आणि कृती समोर असली, की कोकणात एका टोकाची बोली दुसऱ्या टोकाला पोचते.

‘थर्मास’ हा शब्दही मुद्दाम ठेवला. खोक्यावर ‘फ्लास्क’ छापलं होतं, पण धक्क्यावर किंवा स्वयंपाकघरात फ्लास्क कुणी म्हणत नाही. मुळात ‘थर्मास’ हे एका कंपनीचं नाव होतं, आणि ते इतकं सगळ्यांचं झालं की अमेरिकेत 1963 मध्ये न्यायालयानेच तो सर्वसामान्य शब्द ठरवला. आपल्याकडे खोक्यावर छापताना व्यापाऱ्याने सावध राहावं हे ठीकच, म्हणून खोकं तसंच राहिलं. पात्राच्या तोंडी मात्र दुसरा शब्द घातला असता, तर तो माणूस तिथेच खोटा पडला असता.

अंतिम मजकूर असा झाला:

“रात्रीचे अकरा. देवगड बंदर. आबा दोन थर्मास भरतो. मोठा धंद्याचा. लहान… काठोकाठ भरतो, बूच घट्ट लावतो, फडक्यात गुंडाळून ठेवतो.

बारा. बर्फवाले येतात. मोठा थर्मास उघडतो.

दोन. ट्रकवाले येतात. मोठा थर्मास उघडतो.

‘आबा, त्या बारक्यात काय आसा?’

‘शेवटची होडी.’

चार. मोठा थर्मास रिकामा. लहान तसाच.

पाच. (लांबून इंजिनाचा आवाज.) एक पोरगा धक्क्यावर चढतो. हात गारठलेले.

‘आबा, चाय संपली आसतली ना?’

(बूच फिरवल्याचा आवाज. चहा ओतल्याचा आवाज. एक घोट.)

‘आबा… गरम आसा!’

अकराला काठोकाठ भरलेला. पाचला पहिल्यांदा उघडलेला. अर्ध्या लिटरचा थर्मास.”

त्यानंतर व्यापाऱ्यांचं नाव आणि दुकान.

व्यापाऱ्यांचा आक्षेप

त्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, “छान आहे, पण सहाच तास? खोक्यावर चोवीस लिहिलंय. आपणच आपल्याला कमी दाखवतोय.”

हा आक्षेप हलका नव्हता, म्हणून मी त्यांच्या दुकानातच पुन्हा थर्मास भरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उघडला. चोवीस तासांनी 45 अंश निघाले. मी त्यांना ग्लास दिला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला. 45 अंशांचं पाणी हाताला ऊन लागतं, पण चहा म्हणून ते निवालेलंच. शिवाय दुधाचा चहा इतका वेळ ठेवूही नये. दुधाचे पदार्थ साठ अंशांच्या खाली तासन्‌तास राहिले की आत जंतू वाढायला लागतात, आणि अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये ती रेषा साधारण दहा-अकरा तासांनी ओलांडली जाते. ‘24 तास’ हा आकडा साध्या गरम पाण्यासाठी ठीक असेल, चहाच्या जाहिरातीत तो उच्चारणंच चूक. त्यांनी तो मुद्दा मान्य केला, मला वाटतं घोटामुळेच.

त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून धंद्याचा होता. एक लिटरच्या थर्मासवर त्यांना जास्त पैसे सुटतात, आणि ही गोष्ट लहान थर्मासची आहे. इथे मी हट्ट धरला. मोठा थर्मास गोष्टीत आहे, पण तो रिकामा होणारा आहे, जिंकणारा नाही. तो जिंकवायचा तर सारखा उघडूनही चहा गरम राहतो असं म्हणावं लागेल, आणि तेच आपण मोजून खोटं ठरवलं आहे. त्यांनी दोन दिवस घेतले आणि होकार दिला. एक बदल त्यांनीच सुचवला आणि तो माझ्यापेक्षा बरा होता: खोक्यात मराठीत एक चिठ्ठी टाकायची. काठोकाठ भरा. गाळून भरा. चहा दहा तासांच्या आत संपवा. बुचाचा वायसर आठवड्याला काढून धुवा.

वायसरची ओळ कळीची आहे. स्टीलचा थर्मास बिघडला अशी तक्रार येते तेव्हा दोन शक्यता असतात. पोकळीत हवा शिरली असेल, तर कढत पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावला की अंग सगळीकडे गरम लागतं. तो थर्मास गेला, घरी दुरुस्त होत नाही. फक्त मानेपाशी कड ऊबदार लागली तर ते नेहमीचंच, कारण भिंती तिथे जुळतात. अंग गार आणि चहाही लवकर निवतो, असं असेल तर बुचाचा रबरी वायसर सैल झालेला असतो, किंवा त्याखाली दुधाची साय वाळून बसलेली असते. तो धुऊन किंवा बदलून थर्मास पुन्हा चालतो. जाहिरात फेब्रुवारीत सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात व्यापाऱ्यांकडे परत आलेल्या थर्मासपैकी एक पोकळी गेलेला होता. बाकीच्यांची तक्रार विचारल्यावर एकच निघाली: दोन कप चहा भरला आणि सकाळपर्यंत ठेवला.

चुकलेला आवाज

ध्वनिमुद्रण आम्ही एका बंद खोलीत केलं. इंजिनाचा आवाज बंदरावरून आणला होता, घोट खरा होता, ओतण्याचा आवाजही खरा चहा ओतून घेतला. ओतण्याच्या आवाजाबद्दल एक सांगतो: गरम चहाचा आवाज गार पाण्यापेक्षा जाड आणि मऊ येतो, आणि लोकांना का ते सांगता येत नसलं तरी फरक ऐकू येतो. पाण्यावर भागवायचं नाही, एवढं आम्ही पाळलं होतं. जाहिरात सुरू होण्याआधी मी ती काकांना ऐकवायला गेलो. ते सायकलला टेकून, फोन कानाशी धरून, शेवटपर्यंत शांत ऐकत राहिले. मग म्हणाले, “बुचाचो आवाज असो येना नाय.”

मला कळेना. बूच त्याच कंपनीचं होतं, माणसाने फिरवलेलं होतं.

त्यांनी आपला लहान थर्मास काढला. चार वाजले होते, तो अजून मिटलेला होता, आणि माझ्यासाठी ते तो वेळेआधी उघडणार नव्हते. आम्ही थांबलो. पाच वाजून गेल्यावर होडी लागली, पोरं वर आली, आणि काकांनी फोन बुचाजवळ धरायची खूण केली. बूच सहजी फिरलं नाही. आधी जोर लागला, मग आत एक बारीक सुस्कारा झाला, हवा आत ओढल्याचा, आणि त्यानंतर आटे मोकळे झाले.

“आदी वढता,” काका म्हणाले. “मगे सुटता.”

कारण साधं होतं, मलाच सुचलं नव्हतं. चहा भरून बूच लावतो तेव्हा आतली थोडी हवा आणि वाफ कढत असते. सहा तासांत ती निवते आणि आकसते, वाफेचं पाणी होतं, आत दाब कमी होतो, आणि बूच आत खेचलं जातं. उघडताना बाहेरची हवा आत शिरते, तो सुस्कारा. वायसर सैल असेल तर हवा रात्रभर हळूहळू आत जाते आणि पहाटे आवाज येत नाही. आम्ही खोलीत नुकताच भरलेला थर्मास उघडला होता, त्यात वाफ बाहेर पडल्याचा फुसकारा होता. ऐकणाऱ्या कुणालाही तो खटकला नसता, पण गोष्टीतले सहा तास त्या आवाजात नव्हते.

त्या पहाटेचा आवाज मी फोनमध्ये घेतला होता, पण मतलईने तो खराब झाला होता. म्हणून घरी एका रात्री अकरा वाजता अर्ध्या लिटरचा थर्मास काठोकाठ भरला, बूच लावून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नेऊन ठेवला, आणि पाच वाजता तिथे जाऊन उघडला. पहिल्या खेपेला माइक चालू करायचा राहिला. दुसऱ्या रात्री पुन्हा भरला. आता जाहिरातीत ऐकू येतो तो आवाज दुसऱ्या रात्रीचा.